अकरा दिवस मागताना

शनिवार, 15 नोव्हेंबर 2025. संध्याकाळी सातच्या सुमारास मी अनुवादाची फाइल बंद केली आणि एका कागदावर आकडे मांडायला बसले. काम होतं शेतकऱ्यांसाठीच्या सौरपंप पुस्तिकेचं. मूळ इंग्रजी मजकूर 32,000 शब्दांचा, मराठीत द्यायची तारीख शुक्रवार, 28 नोव्हेंबर. सुरुवात केली होती 3 तारखेच्या सोमवारी. हिशेब सोपा होता. रविवार सोडून रोज 1,800 शब्द केले की 18 दिवसांत अनुवाद पुरा, मग चार दिवस सगळं नीट वाचून दुरुस्त करायचं. 27 तारखेला काम संपणार आणि हाताशी एक दिवस उरणार.

त्या शनिवारी 12 दिवस संपले होते, म्हणजे हिशेबाप्रमाणे 21,600 शब्द व्हायला हवे होते. झाले होते 12,000. सोमवार ते गुरुवार मी तापाने अंथरुणात होते. पण ते चार दिवस वजा करूनही आकडा जुळत नव्हता. उरलेल्या आठ दिवसांत 12,000 म्हणजे दिवसाला 1,500. पॅनेल, कंट्रोलर आणि मोटर यांच्या जोडणीची प्रकरणं मला वाटलं होतं त्यापेक्षा हळू सरकत होती. एकेका तारेचं नाव चित्रातल्या नावाशी ताडून पाहावं लागत होतं. आणि शेतकरी ज्याला सरळ ‘स्टार्टर’ म्हणतो त्याला पुस्तकी शब्द घडवून उपयोग नव्हता.

मुदत चुकणार हे त्या कागदावर दिसलं. क्लायंटला ते सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. आपल्यातले बहुतेक जण ‘कारण काय सांगू’ यावर तासभर घालवतात आणि ‘कधी देते’ हे शेवटच्या ओळीत, जीभ चावत, अंदाजाने लिहून टाकतात. माझ्या मते हे अगदी उलटं आहे. क्लायंटच्या हातात उरते ती तारीख. कारण तो वाचतो आणि विसरतो. तारीख मात्र तो आपल्या वहीत लिहितो आणि पुढच्या माणसाला कळवतो. म्हणून आधी तारखेचंच पाहू.

माझ्या मनात पहिल्यांदा आलेली तारीख होती 1 डिसेंबर. ती कशी आली ते सांगते, कारण तुमच्याही मनात ती अशीच येत असणार. ताप उतरला होता, अपराधी वाटत होतं, आणि अपराधी माणूस स्वतःला फार कामसू समजतो. ‘आता रोज अडीच हजार करीन’ असं मी मनाशी ठरवलं. उरलेले 20,000 शब्द आठ दिवसांत, चार दिवस तपासणी, शनिवारी 29 ला काम संपलं, सोमवारी 1 तारखेला हजर. मागायचे काय, तर फक्त तीन दिवस! तीन दिवस मागायला लाज वाटत नाही.

पण रोज 2,500 शब्द मी या पुस्तिकेत एकदाही केले नव्हते. केले होते 1,500, तेही तब्येत बरी असताना. 1,500 च्या वेगाने 20,000 शब्दांना 14 दिवस लागतात. सोमवार 17 पासून रविवार सोडून मोजलं तर अनुवाद मंगळवारी, 2 डिसेंबरला संपतो. तपासणीचे चार दिवस धरले की शनिवार, 6 डिसेंबर. मी 1 तारीख सांगितली असती तर त्या दिवशी माझ्या हातात शेवटचे पाचशे शब्द राहिलेला आणि एकदाही सलग न वाचलेला मजकूर असता. मग मला दुसऱ्यांदा मुदत मागावी लागली असती.

ही खोड एकट्यादुकट्याची नाही. तिला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये तिला ‘नियोजनातला भ्रम’ या अर्थाचं नाव दिलं. पुढे 1994 मध्ये ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध कधी पुरा होईल? सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळंच बिघडलं तर? तर 49 दिवस. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवसांहून अधिक लागले. म्हणजे माणूस स्वतःच्या कामाबाबत जास्तीत जास्त वाईट कल्पना करतो तेव्हाही ती पुरेशी वाईट नसते. मुदतवाढ मागणाऱ्यासाठी यात एक अडचण दडलेली आहे. पहिली तारीख ज्या डोक्याने चुकवली, दुसरी तारीखही तेच डोकं काढणार. त्यावर मला सापडलेला एकच उपाय असा, की ‘किती वेगाने करीन’ हा आकडा वापरायचाच नाही. याच कामात, याच फाइलमध्ये, आजवर प्रत्यक्ष किती वेगाने झालं तोच आकडा घ्यायचा. माझे 1,800 शब्द एका साध्या अहवालाच्या अनुवादातून आले होते. ते इथे लागू नव्हते, आणि चूक खरी तिथे होती.

तर तारीख आली 6 डिसेंबर. ती तशीच सांगावी का? क्लायंटचं ऑफिस दादरला. 6 डिसेंबर हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, त्या दिवशी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. शिवाय वार शनिवार. फाइल पाठवली तरी ती उघडणार सोमवारीच. नवी तारीख समोरच्याच्या कॅलेंडरवर ठेवून पाहायची ती अशी. मग सोमवार, 8 डिसेंबर. त्यात एक दिवस राखीव घातला, कारण आजारातून उठलेला माणूस पुन्हा अर्धा दिवस झोपणार नाही याची खात्री कोणी द्यावी? मंगळवार, 9 डिसेंबर. मूळ तारखेपासून 11 दिवस.

राखीव दिवसाचा मोह मात्र आवरता घ्यावा लागतो. ‘मागतोच आहोत तर 15 तारीख मागू’ असं वाटतं. पण क्लायंटला ते कळतं. झालेलं काम, उरलेलं काम आणि वेग हे तीन आकडे दिले की तो स्वतःही भागाकार करू शकतो. भागाकारातून 6 येते आणि आपण 9 सांगतो, हे त्याला पटतं. 15 पटणार नाही.

आता कारण. 1978 मध्ये एलेन लँगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत झेरॉक्स मशीनवर एक प्रयोग केला. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला मध्येच घुसू द्या अशी विनंती करायची. काहींना नुसतंच विचारलं. काहींना ‘मला घाई आहे म्हणून’ असं खरं कारण दिलं. काहींना ‘मला झेरॉक्स काढायचे आहेत म्हणून’ असं दिलं, जे कारणच नव्हे, कारण मशीनपाशी दुसरं कोण कशाला येणार! पाचच पानं असताना नुसत्या विनंतीला 60 टक्के लोकांनी होकार दिला, आणि कारणाला, खऱ्या किंवा पोकळ, 90 टक्क्यांहून अधिक. हा भाग खूप जण सांगतात आणि इथेच थांबतात. पुढचा भाग आपल्या उपयोगाचा आहे. पानं 20 झाली तेव्हा पोकळ कारणाला नुसत्या विनंतीइतकाच प्रतिसाद मिळाला, 24 टक्के. खऱ्या कारणाला मिळाला 42 टक्के. मागणं लहान असेल तर ‘म्हणून’ एवढा शब्दही पुरतो. मोठं असेल तर ऐकणारा कारण तपासून पाहतो.

एक दिवस मागायचा असेल तर ‘काल वीज नव्हती, उद्या संध्याकाळी देते’ इतकं पुरे. अकरा दिवस हे वीस पानांचं मागणं आहे. इथे कारण खरं तर हवंच, पण त्याचं माप मागण्याच्या मापाशी जुळायलाही हवं. माझ्यापुढे सोपा मार्ग होता: ताप. आजारपणावर कोणी प्रश्न विचारत नाही. पण तापाने गेले चार दिवस आणि मी मागतेय अकरा. क्लायंटकडच्या मॅडमनी काही म्हटलं नसतं, पण मनात वजाबाकी केली असतीच. उरलेला उशीर माझ्या अंदाजातून आला होता. 1,800 च्या जागी 1,500 म्हणजे 18 ऐवजी 22 कामाचे दिवस, चार दिवस जास्त. चार तापाचे, चार अंदाजाचे, म्हणून 27 नोव्हेंबरचं काम 6 डिसेंबरवर गेलं. दोन्ही कारणं सांगितली की हिशेब पुरा होतो. ‘माझा अंदाज चुकला’ हे लिहायला बोटं अडतात खरी. तरी दोन्ही मिळून कारण एका वाक्यात मावतं.

एका वाक्यापेक्षा जास्त का नको? मी स्वतः शनिवारी रात्री लिहिलेला आणि सुदैवाने न पाठवलेला मेल पाहा:

‘नमस्कार मॅडम, सर्वप्रथम आपली मनःपूर्वक क्षमा मागते. खरं तर मला हे लिहिताना फार संकोच वाटतो आहे. गेल्या सोमवारी अचानक कणकण आली, आधी वाटलं साधी सर्दी असेल, पण संध्याकाळी ताप 102 वर गेला. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, सुदैवाने डेंग्यू नव्हता. घरात सासूबाईंनाही बरं नव्हतं. तरीही मी झोपून झोपून थोडं काम करण्याचा प्रयत्न केला. शिवाय हा मजकूर खूपच तांत्रिक आहे, याची कल्पना आधी दिली असती तर बरं झालं असतं. तरी थोडी मुदत वाढवून मिळाली तर फार उपकार होतील. लवकरात लवकर देण्याचा प्रयत्न करते.’

यात खोटं एक अक्षर नाही. पण मॅडमना यातून काय करता येईल? वाचून झाल्यावर त्यांना आधी विचारपूस करावी लागेल, ‘काळजी घ्या’ म्हणावं लागेल, आणि मग हळूच विचारावं लागेल की बाई, नक्की कधी देणार? ‘थोडी मुदत’ आणि ‘लवकरात लवकर’ यांतून डीटीपी करणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. त्यातच मध्ये एक टोमणाही घुसला आहे. मजकूर तांत्रिक होता हे खरं, पण फाइल मला आधीच दाखवली होती आणि मी होकार दिला होता. लांबलेल्या कारणात असे टोमणे आपोआप शिरतात, कारण माणूस पाचव्या वाक्यापासून स्वतःचा बचाव करू लागतो.

पाठवलेला मेल असा होता. विषयाच्या ओळीतच दोन्ही तारखा घातल्या: ‘सौरपंप पुस्तिका: 28 नोव्हेंबरऐवजी 9 डिसेंबरची विनंती’.

‘नमस्कार मॅडम,

सौरपंप पुस्तिकेचा अनुवाद 28 नोव्हेंबरला देणं मला जमणार नाही. मंगळवार, 9 डिसेंबर ही तारीख चालेल का?

गेल्या आठवड्यात तापामुळे माझे चार दिवस गेले, आणि जोडणीची प्रकरणं मी धरलं होतं त्यापेक्षा हळू होत आहेत. तो अंदाज माझाच चुकला.

32,000 पैकी 12,000 शब्द झाले आहेत. ती पहिली सहा प्रकरणं तपासून परवा, बुधवारी 19 तारखेला पाठवते, म्हणजे डीटीपी सुरू करता येईल. 9 तारखेमुळे छपाई अडत असेल तर कृपया कळवा, क्रम बदलून काही भाग आधी देता येईल.

गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’

मागणं पहिल्याच दोन वाक्यांत आहे, कारण नंतर. दिलगिरी एकदाच, शेवटी. ती अजिबात न लिहिणारेही असतात, ‘व्यवसायात कसली माफी’ म्हणून. मला ते कोरडं वाटतं, निदान मराठीत. पण माफीने सुरुवात केली की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी फार भयंकर घडलं आहे, आणि तो तारखेपर्यंत पोचताना धास्तावलेला असतो.

सहा प्रकरणं आधी देण्याची ओळ नुसती गोडवा आणण्यासाठी नव्हती. अनुवाद म्हणजे क्लायंटच्या साखळीतला पहिला दुवा. त्यानंतर डीटीपीवाला पानं लावणार, त्याला साधारण दहा कामाचे दिवस. मग प्रूफ वाचून फाइल प्रेसमध्ये जाणार, छपाई आणि बांधणीला आठेक दिवस. शेतकऱ्यांचं प्रशिक्षण 5 जानेवारीला, आणि त्या दिवशी पुस्तिका हातात हवी. 9 डिसेंबरला डीटीपी सुरू झालं असतं तर सगळं डिसेंबरच्या अगदी अखेरीला गेलं असतं, कोणाला एक दिवस आजारी पडायलाही जागा उरली नसती. पण डीटीपीवाला सगळा मजकूर एकदम थोडाच लावतो! त्याला 19 नोव्हेंबरला सहा प्रकरणं मिळाली तर तो मूळ तारखेच्याही नऊ दिवस आधी कामाला लागतो. तपासणीचे दिवस मात्र यात वाढत नाहीत, फक्त पुढचे आधी येतात. असा भाग देता येण्याजोगा नसेल तर मात्र देऊ नये. न तपासलेली अर्धवट फाइल ‘तोवर हे बघा’ म्हणून पाठवणं म्हणजे क्लायंटला आपल्या चुका मोजायला बसवणं.

मेल मी सोमवारी, 17 तारखेला सकाळी दहाला पाठवला, शनिवारी रात्री नाही. शनिवारी रात्रीचा मेल लोक फोनवर वाचतात आणि दोन दिवस नुसते चिडतात. पलीकडे फोन लावून काही हलवता येत नाही. मेलच्या आधी एक फोनही केला. ‘मॅडम, पुस्तिकेच्या तारखेबद्दल मेल पाठवतेय, जरा पाहाल का’, एवढंच. 17 नोव्हेंबर म्हणजे मुदतीच्या बरोबर अकरा दिवस आधी, आणि मागितलेही अकराच दिवस. हा योगायोग होता, पण तेव्हापासून मी ते माप धरलं आहे: जितके दिवस हवेत, निदान तितके दिवस आधी मागायचे. 27 तारखेच्या रात्री अकरा दिवस मागणाऱ्याला क्लायंट होकार देतो तेव्हा त्याच्यापुढे दुसरा इलाजच नसतो, आणि ते त्याच्या लक्षात राहतं. आधी मागायचं तर आधी कळायला हवं, म्हणून काम निम्म्यावर आलं की आकडे मांडायचेच, सगळं सुरळीत वाटत असलं तरी.

मॅडमचं उत्तर दुपारी आलं. ‘तब्येतीची काळजी घ्या. सहा प्रकरणं 19 ला पाठवा. बाकीचं 5 पर्यंत नाही का जमणार?’

इथे घसरायला होतं. समोरचा समजूतदारपणे बोलला की आपण विरघळतो आणि ‘बरं, बघते’ लिहून टाकतो. म्हणजे दोन दिवस खर्चून काढलेली तारीख दोन शब्दांत सोडून दिली. ‘नाही, 9 च’ हेही बरोबर नाही, कारण समोरच्याची अडचण खरी असू शकते. मी पुन्हा कागद काढला. पुस्तिकेच्या शेवटी बिघाड आणि दुरुस्तीच्या तक्त्यांचं परिशिष्ट होतं, 3,000 शब्दांचं. दोन दिवसांचं काम. ते बाजूला काढलं तर बाकी सगळं गुरुवारी, 4 डिसेंबरला संपत होतं. मी लिहिलं, ‘परिशिष्ट सोडून सगळं 5 तारखेला देते, परिशिष्ट 9 ला. तक्ते शेवटच्या पानांवरच आहेत, त्यामुळे आधीची पानं लावायला अडचण येऊ नये. चालेल?’ दिवस कमी करायचे तर कामातून काहीतरी हललंच पाहिजे. नुसता उत्साह वाढवून तारीख अलीकडे येत नाही.

व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ आलं. तरी मी मेलवर एक ओळ पाठवली: ‘ठरल्याप्रमाणे 5 डिसेंबर मुख्य मजकूर, 9 डिसेंबर परिशिष्ट.’ हा संशयीपणा नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 63 प्रमाणे ज्याला काम मिळायचं आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो. म्हणजे वाढवून देणारा तो, आपण फक्त मागणारे. उत्तर न येणं म्हणजे होकार नव्हे. आणि कलम 55 सांगतं, की मुदत हा कराराचा गाभा असेल तर ती चुकल्यावर समोरचा करार मोडूही शकतो. पाच ओळींच्या मेलवर चालणाऱ्या कामात कोणी कोर्टात जात नाही. पण सहा महिन्यांनी नवा माणूस त्या खुर्चीत बसतो आणि विचारतो, ‘तुम्ही तर 28 ला देणार होतात ना?’ तेव्हा ती एक ओळ उपयोगी पडते.

काही मुदती मात्र मागून वाढत नाहीत. निविदा भरायची तारीख, कोर्टात कागद दाखल करायचा दिवस, दिवाळी अंक छपाईला जायची रात्र. तिथे क्लायंटच्याही हातात काही नसतं, आणि त्याला मुदत मागणं म्हणजे त्याच्या गळ्यात आपली अडचण बांधणं. अशा वेळी तारीख तशीच ठेवून कामच लहान करता येईल का, किंवा दुसरा हात लावता येईल का, हे विचारावं, आणि तो हात कोणाचा हेही सांगावं.

दुसऱ्यांदा मुदत मागायची वेळ आली तर? येऊ शकते. माझ्यावर एकदा आली आहे, दुसऱ्या एका कामात, आणि तो क्लायंट पुन्हा आला नाही. त्या वेळी पहिली तारीख मी अंदाजाने दिली होती, दुसरीही. पहिल्या मुदतवाढीला कारण विचारत नाहीत असे कितीतरी लोक भेटले. दुसरीला सगळेच विचारतात.

सहा प्रकरणं 19 नोव्हेंबरला गेली. मुख्य मजकूर 5 डिसेंबरच्या दुपारी गेला. राखीव ठेवलेला एक दिवस लागला नाही, परिशिष्ट 8 तारखेच्या सोमवारीच पाठवलं. मॅडमनी उत्तरात एवढंच विचारलं, की फेब्रुवारीत ठिबक सिंचनाची एक पुस्तिका आहे, 20,000 शब्द, किती दिवस लागतील? मी म्हटलं, आधी चार पानं करून बघते, मग सांगते.